उपाशीपोटी साखर ९६, तीन महिन्यांची सरासरी ६.६. धरायचं कोणतं?

अबोली_ठाणे
मोठ्या जाऊबाईंचे रिपोर्ट समोर ठेवून लिहिते आहे. वय ४४, वजन ५८ किलो, त्यांच्या आईला मधुमेह होता. उपाशीपोटी साखर ९६ आली आणि एचबीए१सी ६.६. पहिला आकडा म्हणतो काहीच झालेलं नाही. दुसऱ्याने ६.५ची रेघ ओलांडली, म्हणजे सरळ मधुमेह. दोन्ही एकाच सकाळी, एकाच हातातून काढलेलं रक्त. डॉक्टर गोळी सुरू करू म्हणतात, जाऊबाई "९६ला कसली गोळी?" म्हणून अडून बसल्या आहेत. दोन्ही चाचण्या साखरेच्याच असताना निकाल असे फाटतात कशामुळे, आणि पुढे नेमकं काय तपासायचं?

सदू_पाटील
तीन महिन्यांचा धरा, यात विचार करण्यासारखं काही नाही. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या एका सकाळचा फोटो. लोक चाचणीआधी चार दिवस भात, गोड बंद करतात आणि आकडा गोजिरवाणा येतो. एचबीए१सीला फसवता येत नाही.

सांजवात
पाटील, निम्मं पटलं. पण त्यांनी पथ्य करून ९६ आणली असंच कशाला धरायचं? आपल्याकडे उपाशीपोटी उत्तम आणि जेवणानंतर उसळलेली, ही जोडी फार दिसते. रात्रभर यकृत साखर सोडतं, त्यावरचा लगाम शाबूत असेल तर सकाळी आकडा चांगलाच येणार. पण पोहे, पोळीभात पोटात गेल्यावर इन्शुलिन वेळेवर आणि पुरेसं सुटलं नाही, तर दिवसातून तीनदा साखर वर जाते. ते सकाळी सातच्या रक्तात दिसत नाही, सरासरीत दिसतं. माझं मत, जेवणानंतरची साखर बघा, तिथेच उत्तर सापडेल.

लॅबकोपरा
मत देण्याआधी तीन गोष्टी विचारतो. एक, रक्त घरी येऊन नेलं की लॅबमध्ये दिलं? दोन, साखरेसाठी करड्या टोपणाची नळी होती का? तीन, त्याच वेळी सीबीसी झालं असेल तर हिमोग्लोबिन, एमसीव्ही आणि लाल पेशींची संख्या किती?

पहिले दोन प्रश्न अशासाठी की नळीतल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त पडून राहिलं तर ताशी साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणजे खरी ११० असलेली दोन तासांत ९६, ९७वर येऊ शकते. करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते ही खादाडी थांबवतं, पण त्यालाही पूर्ण चढायला तास-दोन तास लागतात. सकाळी साडेसहाला घरून निघालेली नळी पिशवीतून पाच घरं फिरून दहाला पोचली, तर आकडा थोडा खालीच येतो. एचबीए१सीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीला हा त्रास नाही.

अबोली_ठाणे
रक्त लॅबमध्ये जाऊन दिलं होतं. नळ्या दोन, एकीचं टोपण करडं आणि एकीचं जांभळं, हे त्यांना नक्की आठवतं. सीबीसी आहे. हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही ६६, लाल पेशी ४.१. हिमोग्लोबिन कमी आहे हे माहीत होतं. पाळीत रक्तस्राव खूप होतो, दोन वर्षं झाली.

लॅबकोपरा
मग ९६ बरोबर धरा. एचबीए१सीकडे मात्र संशयाने बघायला हवं.

गोदाकाठ
लॅबकोपरांनी बोट बरोबर जागी ठेवलं. जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ इथेच आहे.

एचबीए१सी साखर मोजत नाही. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते मोजते. मोरावळ्याची बरणी डोळ्यांपुढे आणा. आवळा पाकात जितके दिवस राहील तितका गोड होतो. एक आवळा चाखून पाक किती घट्ट होता हे सांगायचं असेल, तर तो आवळा किती दिवस मुरला हेही माहीत हवं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. एरवी रक्तात रोज थोड्या नव्या पेशी येतात, थोड्या जुन्या जातात, त्यामुळे पेशींचं सरासरी वय ठरलेलं असतं. त्या ठरलेल्या वयाच्या भरवशावर ६.६ला अर्थ दिला जातो.

लोह संपलं की नव्या पेशी तयार व्हायचा वेग मंदावतो. रक्तात जुन्या, जास्त मुरलेल्या पेशींचं प्रमाण वाढतं. पाक तेवढाच घट्ट, पण बरणीत नवे आवळे कमी. आकडा वर जातो आणि साखर मात्र होती तिथेच असते. हिमोग्लोबिन ८.६ आणि एमसीव्ही ६६ असलेल्या बाईंच्या एचबीए१सीवरून, तेही रेघेला चिकटलेल्या ६.६वरून, मी मधुमेहाचा शिक्का मारणार नाही. बी-१२ कमी असलं तरी असंच होऊ शकतं.

सदू_पाटील
हे नवीन कळलं. मग लोह कमी असेल तर किती वजा करायचं? अर्धा?

गोदाकाठ
असं ठरावीक वजाबाकीचं गणित नाही पाटील. कोणाचा आकडा जवळपास हलत नाही, कोणाचा चांगला अर्धा-पाऊण वर जातो. म्हणून वजा करायचं नाही, अशा वेळी ती चाचणी बाजूला ठेवून साखरच थेट मोजायची.

मंजुळ_कट्टा
एमसीव्ही ६६ म्हणजे थॅलेसेमिया मायनर असणार. सिंधी, लोहाणा यांच्यात असतोच, आपल्याकडेही असतो. लोहाच्या गोळ्या उगाच चालू करू नका.

लॅबकोपरा
मंजुळ, शंका रास्त आहे, पण आकडे तसं म्हणत नाहीत. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी बारीक असल्या तरी संख्येने भरपूर असतात, बऱ्याचदा ५च्या वर. म्हणून एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागून बघायचं. ६६ भागिले ४.१ म्हणजे १६. १३च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे कल, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. हा नुसता अंदाज आहे, निदान नाही. फेरिटिन करून घ्या, तिथे नक्की कळेल.

नाना_चिपळूण
आमच्या वडिलांचं हेच झालं आहे. उपाशीपोटी १७०, जेवणानंतर २४० आणि एचबीए१सी ६.१. डॉक्टर म्हणतात सरासरी छान आहे. त्यांचंही लोह कमी असेल का?

गोदाकाठ
नाना, हे "हेच" नाही, बरोबर उलटं आहे. तुमच्याकडे साखर जास्त आणि सरासरी कमी. किडनीचा आजार आहे का? हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं चालू आहेत का? की गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्त चढवलं?

नाना_चिपळूण
डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. हिमोग्लोबिनचं इंजेक्शनही देतात. हे मी लिहायलाच विसरलो.

गोदाकाठ
तेच कारण. त्या इंजेक्शनने मज्जा भराभर नव्या पेशी बनवते आणि डायलिसिसच्या रुग्णांत पेशींचं आयुष्यही कमी असतं. बरणी कोऱ्या आवळ्यांनी भरलेली, म्हणून पाक दाट असूनही चव फिकी. रक्त चढवलं तर दात्याच्या पेशी मिसळतात, त्यानेही आकडा बिघडतो. त्यांच्या बाबतीत ६.१वर विसंबू नका. मीटरचे आकडे वहीत लिहून डायलिसिसच्या डॉक्टरांना दाखवा. १७० आणि २४० हे खरे आकडे आहेत.

नाना_चिपळूण
उद्याच वही घालतो. सहा महिने "छान आहे" ऐकत होतो. मनापासून आभार.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या विदर्भात आणि तिकडे नंदुरबारकडे आणखी एक कारण ध्यानात ठेवा, सिकलसेल. ज्याला पूर्ण सिकलसेल आजार आहे त्याच्या रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिन ए नसतंच, मग त्याला चिकटलेली साखर मोजणार कशी? शिवाय त्या पेशी लवकर फुटतात. नुसते वाहक असतील तर बऱ्याच आधुनिक यंत्रांवर आकडा बरोबर येतो, पण यंत्र कोणतं ते विचारून घ्यावं लागतं.

लॅबकोपरा
वऱ्हाडींना जोड देतो. एचपीएलसी पद्धतीने केलेल्या रिपोर्टला आलेख असतो. त्यात नेहमीच्या शिखरांशिवाय एक जादाचं उंच शिखर दिसलं तर हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असण्याची शक्यता. बऱ्याच लॅब आलेख न देता नुसता आकडा छापतात. मागून घ्या, देतात.

लीड्सकर
इथे रिपोर्टवर टक्के नसतात, ४९ असं काहीतरी येतं. आईने भारतातून फोनवर ते ऐकलं आणि "४९ म्हणजे साखर फारच खाली गेली" म्हणून घाबरली. तुमचं ६.६ म्हणजे इकडचं ४९, मधुमेहाची रेघ ४८. धाग्याशी थेट संबंध नाही, पण इकडचे वाचक असतील म्हणून लिहिलं.

सांजवात
लोहाचा मुद्दा मान्य. पण गोदाकाठ, एक अडचण सांगते. जाऊबाईंचा रक्तस्राव दोन वर्षं चालू आहे. रक्त वाहून जातं तेव्हा त्यात जुन्या पेशीही जातात, मग राहिलेल्यांचं सरासरी वय कमी व्हायला हवं. तुमच्याच बरणीच्या हिशेबाने आकडा खाली यायला हवा होता. आणि आईला मधुमेह आहे. म्हणजे लोहाला दोष देऊन आपण खरी वाढलेली साखर झाकत असू.

गोदाकाठ
प्रश्न बरोबर आहे. रक्तस्राव आकडा खाली ओढतो, लोहाची कमतरता वर ओढते, आणि एकाच माणसात दोन्ही चालू असली तर कोण जिंकलं हे बाहेरून सांगता येत नाही. माझा अंदाज लोहाकडे आहे, पण तो अंदाजच. म्हणूनच म्हणतो, मोजा. अबोली, घरी मीटर असेल तर एक पूर्ण दिवस सात वेळा बघा. तिन्ही जेवणांच्या आधी, तिन्हींनंतर दोन तासांनी आणि एकदा पहाटे तीनला. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुऊन झाल्यापासून नाही. पथ्य करायचं नाही, रोजचंच जेवायचं. बोट साबणाने धुऊन कोरडं करा, आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावरचा आकडा खोटा येतो.

खमंग_फोडणी
पहाटे तीनला उठवणारी जाऊ मिळायला भाग्य लागतं. :)

अबोली_ठाणे
:) गजर त्यांनीच लावला. कालचे आकडे: पहाटे ९३, नाश्त्याआधी ९५, नाश्त्यानंतर १२८, जेवणाआधी ९८, नंतर १३४, रात्री जेवणाआधी १०१, नंतर १३१. नाश्त्याला पोहे, दुपारी दोन पोळ्या, वरणभात, बटाट्याची भाजी. काहीही कमी केलं नाही.

लॅबकोपरा
आता हिशेब मांडूया. सातांची बेरीज ७८०, सरासरी १११. एचबीए१सी ६.६ची सरासरी साखर काढायला त्याला २८.७ने गुणून ४६.७ वजा करतात. येतात १४३. म्हणजे बोट १११ म्हणतं आणि जांभळी नळी १४३.

आता उलटं बघा. उपाशीचे आणि रात्रीचे चार आकडे ९३, ९५, ९८, १०१ तसेच ठेवले, तर सरासरी १४३ यायला जेवणानंतरचे तिन्ही आकडे २०५च्या आसपास हवेत. प्रत्यक्षात ते १३०च्या आसपास आहेत. मधली दरी मोठी आहे.

आणखी एक. रक्त पातळ असलं की बरीच मीटरं साखर थोडी जास्तच दाखवतात. पट्टीच्या डबीतल्या कागदावर हिमॅटोक्रिटची मर्यादा छापलेली असते, बघा. यांचा हिमॅटोक्रिट २७च्या आसपास येतो. म्हणजे खरे आकडे याहून खालीही असतील. वर असायची शक्यता कमी.

सांजवात
हिशेब चोख. तरी दोन हरकती. एका दिवसावरून तीन महिने ठरवू नका, निदान पाच दिवस हवेत, त्यातला एक सणाचा किंवा बाहेर जेवल्याचा असू दे. आणि उसळी पुष्कळदा एका तासाला येते. एका तासाला १८० आणि दोन तासांना १३०, असं झालं तर तुमच्या सात आकड्यांत ती सापडणारच नाही.

गोदाकाठ
दोन्ही हरकती मान्य. तरी एक तासाची छोटी शिखरं धरूनही सरासरी १४३पर्यंत चढवणं अवघड आहे. सोक्षमोक्ष लावायचा तर ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन करायची चाचणी करा. आधीचे तीन दिवस पोटभर भात-पोळी खायची, कमी खाल्लं तर आकडा उगाच वर येतो. रात्रीपासून आठ-दहा तास उपाशी, सकाळी पहिलं रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलि पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. दोन तास बसून राहायचं, बाजारहाट करून यायचं नाही. मग दुसरं रक्त. २०० किंवा वर मधुमेह, १४०च्या आत ठीक, मधलं म्हणजे उंबरठा. सोबत फेरिटिन करा.

सदू_पाटील
फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी असते ना? त्यात लाल पेशींचा संबंधच नाही म्हणतात. मग हा सगळा खटाटोप कशाला?

लॅबकोपरा
असते, आणि पाटील, इथे ती उपयोगी आहे. ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर बघते, त्यामुळे मागच्या दोन-तीन आठवड्यांचाच हिशेब मिळतो. पण मधुमेह आहे की नाही हे ठरवायला तिची सर्वमान्य रेघ नाही, आणि अल्ब्युमिन कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तर तीही चुकते. लहान गावात नमुना बाहेर पाठवावा लागतो. निदानासाठी ग्लुकोजची चाचणीच बरी.

खमंग_फोडणी
थोडं विषयांतर. एचबीए१सीला खरंच फसवता येत नाही का? चाचणीआधी महिनाभर कडक पथ्य पाळलं तर?

गोदाकाठ
बऱ्यापैकी खाली येते. "तीन महिन्यांची सरासरी" म्हणतात, पण तिन्ही महिन्यांचं वजन सारखं नसतं. जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. म्हणून दिवाळीनंतर लगेच केलेली आणि फेब्रुवारीत केलेली यांत फरक दिसतो. चार दिवसांच्या पथ्याने उपाशीपोटीची हलते, एचबीए१सी जवळपास नाही. पाटलांचं पहिलं वाक्य तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

अबोली_ठाणे
आठवड्याने परत येते आहे. पाच दिवस मोजलं, सांजवातताईंच्या सांगण्यावरून दोनदा एका तासालाही. ते १५२ आणि १६१ आले. बाकीचे पहिल्या दिवसासारखेच, फक्त लग्नाच्या जेवणानंतर दोन तासांनी १४९. फेरिटिन ५. ग्लुकोजची चाचणी: आधी ९४, दोन तासांनी १४८.

लॅबकोपरा
फेरिटिन ५ म्हणजे लोहाची कोठी रिकामी. मंजुळ, थॅलेसेमियाचा प्रश्न यानंतरही शिल्लक राहू शकतो, दोन्ही एकत्र असू शकतात. लोह भरल्यावर एमसीव्ही ६६वरच अडकलं तर हिमोग्लोबिन ए२ बघायचं. आत्ता बघू नका, लोह कमी असताना ए२ खोटं कमी येतं.

सांजवात
१४८! म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहेत. जेवणानंतरची गोष्ट अगदीच खोटी नव्हती.

गोदाकाठ
नव्हतीच. जेवणानंतरची साखर थोडी वाढलेली आहे आणि लोहाने आकडा आणखी वर ढकललेला आहे, दोन्ही खरं दिसतं. नुसती साखर बघितली तर एचबीए१सी साडेपाच-पावणेसहाच्या आसपास यायला हवी होती. उरलेलं लोहाचं, असा माझा तर्क. गोळी लगेच हवी का, हे त्यांच्या डॉक्टरांशी हे सगळे कागद पुढे ठेवून बोलावं. आईचा मधुमेह आणि १४८ बघून कोणी डॉक्टर सुरू करा म्हणेल, कोणी आधी आहार आणि चालणं म्हणेल. दोघांनाही मी चूक म्हणणार नाही. मात्र "एचबीए१सी ६.६" एवढ्याच कारणावर नको. आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी हवीच, नाहीतर लोह वरून ओतत राहाल आणि खालून जात राहील.

अबोली_ठाणे
लोहाच्या गोळ्या आजपासून. एचबीए१सी पुन्हा कधी करायची? डॉक्टरांनी दीड महिन्याने सांगितली आहे.

गोदाकाठ
दीड महिन्याने सीबीसी जरूर करा, एचबीए१सी नको. लोह मिळाल्यावर मज्जा नव्या पेशींचा लोंढा सोडते. तेव्हा बरणीत कोरे आवळेच जास्त, आकडा खोटा खाली येईल आणि जाऊबाई "बघा, काही नव्हतंच" म्हणतील. हिमोग्लोबिन १२च्या पुढे जाऊन तिथे स्थिर झालं की त्यानंतर तीन महिने थांबा. गोळी चहाबरोबर घेऊ देऊ नका. तोवर साखरेवर लक्ष ठेवायचं ते मीटरने, पंधरवड्यातून एक दिवस, जेवणानंतरच्या आकड्यांसकट.

सांजवात
आणि तेव्हा आलेला आकडा इथे लिहा अबोली. ६.२ आली तर मी बरोबर, ५.६ आली तर गोदाकाठ.

अबोली_ठाणे
लिहीन. त्यांनी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर सीबीसीच्या तारखेला गोल केला आहे. एचबीए१सीचा रकाना रिकामा ठेवला आहे.